बॅटरीवरची छाटणी कात्री चीनमधून आणताना: कस्टम्समधले तीन वाद आणि त्यांची तयारी

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. मजूर मिळेनात म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या कात्रीला मागणी आली. मागणी आली म्हणून पिंपळगाव, निफाड, दिंडोरी भागातले दुकानदार आता दिल्ली-मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याला बाजूला ठेवून थेट चीनमधून माल मागवू लागले आहेत. आयईसी हा आयात-निर्यातीचा कोड काढायला पाचशे रुपये लागतात, ऑनलाइन पुरवठादार मिळतो, न्हावाशेवा बंदर दिवसभराच्या अंतरावर आहे. इथपर्यंत सगळं सोपं असतं. अडतं ते बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सकडे द्यायचं घोषणापत्र, भरल्यानंतर, आणि बहुतेक वेळा तीनच ठिकाणी: माल शुल्क अनुसूचीतल्या कुठल्या शीर्षात बसतो, त्याची किंमत खरी मानायची का, आणि तो आणायची परवानगी आहे का.

हा लेख याच एका मालाबद्दल आहे. दुसरा माल आणणाऱ्याला शीर्ष आणि दर बदलून वाचावे लागतील, पण वाद हाताळायची पद्धत तीच राहते. दर अधिसूचनांनी बदलत असतात, म्हणून प्रत्येक ऑर्डरपूर्वी ते आइसगेट या कस्टम्सच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहायचे.

पहिली पायरी: परवानगी, आणि ती ऑर्डरच्या आधी

लोक हा प्रश्न शेवटी विचारतात. तो पहिला विचारायला हवा, कारण शीर्ष चुकलं तर पैसे भरून माल सुटतो, परवानगी चुकली तर माल सुटतच नाही.

विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या, आयात धोरणाच्या अनुसूचीत प्रत्येक आठ अंकी कोडसमोर धोरण लिहिलेलं असतं: मुक्त, प्रतिबंधित किंवा निषिद्ध. ‘प्रतिबंधित’ म्हणजे डीजीएफटीचं परवानापत्र घेऊनच आणता येईल असा माल. हातात धरायचं नवं विजेचं अवजार ‘मुक्त’ आहे. इथेच नवखा फसतो, कारण ‘मुक्त’ याचा अर्थ ‘बाकी कुठलीच अट नाही’ असा होत नाही. अनुसूचीच्या सर्वसाधारण टिपांमध्ये इतर कायद्यांच्या अटी लावलेल्या आहेत, आणि बॅटरी कात्रीच्या बाबतीत खरी अट लपलेली आहे ती बॅटरीत.

साधनासोबत येणारी लिथियमची बॅटरी भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, सक्तीच्या नोंदणी योजनेत मोडते. मानक आहे आयएस १६०४६, त्याचा लिथियमसाठीचा दुसरा भाग. ही नोंदणी आयातदाराच्या नावावर नसते. ती चीनमधल्या बॅटरी बनवणाऱ्या कारखान्याच्या नावावर, त्या ब्रँडसाठी आणि त्या मॉडेलसाठी असते. परदेशी कारखान्याला त्यासाठी भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. पुरवठादार सीई किंवा आरओएचएसचं युरोपीय प्रमाणपत्र पाठवून “सर्टिफिकेट आहे” म्हणतो. त्या कागदांचा इथे काही उपयोग नाही. ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा, बीआयएसच्या संकेतस्थळावर तो टाका आणि तीन गोष्टी जुळतात का ते बघा: कारखान्याचा पत्ता, ब्रँड, बॅटरीचा मॉडेल क्रमांक. बॅटरीवर तुमच्या दुकानाचं नाव छापून मागवत असाल तर तो नवा ब्रँड झाला, आणि तो त्या नोंदणीत आधी समाविष्ट व्हायला हवा. स्वतःच्या ब्रँडच्या हौसेपायी माल अडकतो तो बहुतेक याच कारणाने.

नोंदणी नसलेला माल परत पाठवावा लागतो. तो न पाठवल्यास वापरता येणार नाही असा मोडून भंगारात काढला जातो. कात्र्या सोडवून घ्या आणि बॅटऱ्या तेवढ्या ठेवा, अशी विनंती करता येते, पण बॅटरीविना कात्री विकणार कुणाला?

चार्जर आणि अवजार यांच्यासाठी स्वतंत्र गुणवत्ता आदेश लागू आहे का, हेही त्याच वेळी तपासा. या आदेशांच्या यादीत भर पडत असते, त्यामुळे मागच्या वर्षीचं उत्तर यंदा चालेलच असं नाही. बॅटरी आयात करणारा म्हणून बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ खाली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे उत्पादक म्हणून नोंदणी करावी लागते. हे काम दोन दिवसांत होत नाही, तेव्हा ऑर्डरपूर्वीच अर्ज करा. किरकोळ विक्रीच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, नियमात सांगितलेला महिना आणि वर्ष, एमआरपी, नग, मूळ देश आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क हवा. हे लेबल चीनमध्येच छापून लावून घेतलेलं स्वस्त पडतं. बंदराजवळच्या कंटेनर गोदामात, म्हणजे सीएफएसमध्ये, परवानगी काढून, मजूर लावून तीनशे खोकी उघडण्यात नफ्याचा मोठा तुकडा जातो.

दुसरी पायरी: शीर्ष ठरवणं

शुल्क अनुसूचीत ८२०१ या शीर्षात शेती आणि बागकामाची हात-अवजारं आहेत: फावडी, कुदळी, विळे आणि ‘कुठल्याही प्रकारच्या’ छाटणी कात्र्या. एका हाताने चालवायची कात्री ८२०१ ५० ०० मध्ये येते. तिथे मूळ सीमाशुल्क १० टक्के आहे आणि आयातीवरचा जीएसटी, म्हणजे आयजीएसटी, शून्य. ८४६७ मध्ये हातात धरून वापरायची, आतच मोटर असलेली अवजारं आहेत. बॅटरी कात्री तिथे ८४६७ २९ ०० मध्ये पडते. मूळ शुल्क ७.५ टक्के, पण आयजीएसटी १८ टक्के.

आता ‘कुठल्याही प्रकारच्या’ हे शब्द वाचून एखादा सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणारा दलाल, सांगतो, “शेठ, ८२०१ मध्ये टाकू, जीएसटी वाचेल.” हा सल्ला ऐकू नका. शीर्ष ठरतं ते शीर्षाच्या शब्दांवरून आणि विभाग-प्रकरणांच्या टिपांवरून. प्रकरण ८२ ज्या विभाग १५ मध्ये आहे, त्या विभागाची टीपच यंत्रांचा विभाग १६ बाहेर काढते. ८४६७ चे शब्द ‘आतच मोटर असलेलं, हातात धरायचं अवजार’ असे नेमके आहेत. शिवाय ज्या जीएसटी अधिसूचनेने ८२०१ ला माफी दिली आहे, तिची सुरुवातच ‘हाताने किंवा जनावराने चालवायची शेती अवजारं’ अशी आहे. ट्रिगर दाबल्यावर मोटर पातं ओढते, तेव्हा ती हाताने चाललेली नसते.

दुसरा सल्ला ८४३३ चा येतो, कारण शेतीयंत्रांवर जीएसटी कमी आहे. पण ८४३३ हे कापणी, मळणी आणि गवत कापायच्या यंत्रांचं शीर्ष आहे. छाटणी म्हणजे पीक काढणं नव्हे. वापरणारा शेतकरी आहे म्हणून अवजार शेतीयंत्र होत नाही, हे मनाशी पक्कं करा.

फरक किती पडतो ते आकड्यांत बघू. समजा ३०० संच, दर संच ३८ डॉलर एफओबी, म्हणजे चीनच्या बंदरात जहाजावर चढवून. म्हणजे ११,४०० डॉलर. समुद्रभाडं ६०० डॉलर. विम्याची पावती नाही, म्हणून नियमाप्रमाणे एफओबीच्या १.१२५ टक्के, म्हणजे १२८.२५ डॉलर. एकूण १२,१२८.२५ डॉलर. कस्टम्सने जाहीर केलेला विनिमय दर हिशेबापुरता ८८ रुपये धरला तर आकारणीयोग्य किंमत १०,६७,२८६ रुपये होते.

८२०१ मध्ये: मूळ शुल्क १,०६,७२९, त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार १०,६७३. एकूण सुमारे १,१७,४०० रुपये.

८४६७ मध्ये: मूळ शुल्क ८०,०४६, अधिभार ८,००५, आणि या सगळ्यासह झालेल्या ११,५५,३३७ वर १८ टक्के आयजीएसटी २,०७,९६१. एकूण सुमारे २,९६,००० रुपये.

दारात पावणेदोन लाखांहून जास्त फरक दिसतो आणि म्हणूनच मोह होतो. पण नीट बघितलं तर ८४६७ मधले २,०७,९६१ रुपये इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतात, आणि परत न मिळणारा भाग फक्त ८८,०५१ रुपयांचा उरतो. ८२०१ मध्ये तोच भाग १,१७,४०० आहे. म्हणजे चुकीच्या शीर्षात तुमचा स्वतःचा खर्च उलट जास्त आहे! तोटा होतो तो ग्राहकाला, कारण शेतकऱ्याला क्रेडिट नसतं आणि त्याला १८ टक्के धरूनच किंमत सांगावी लागते. शेजारचा दुकानदार शून्य जीएसटीने विकत असेल तर स्पर्धा अवघड होते, हे खरं आहे. तरी कधीतरी त्याच्या जुन्या बिलांची चौकशी निघते. दोन वर्षांपर्यंत मागणीची नोटीस येऊ शकते, आणि मुद्दाम लपवल्याचा आरोप झाला तर पाच वर्षांपर्यंत. हा आरोप टिकला तर शुल्काइतका दंडही लागतो.

मागचा माल चुकीच्या शीर्षात सोडवला असेल तर नोटीस यायच्या आधी फरक आणि १५ टक्के दराने व्याज स्वतःहून भरा. हेतू लपवण्याचा नसेल तर कलम २८ खाली प्रकरण तिथेच बंद होतं.

संचाबद्दल एक खुलासा. एका खोक्यात कात्री, दोन बॅटऱ्या आणि चार्जर असतील तर किरकोळ विक्रीचा संच म्हणून सगळं कात्रीच्याच शीर्षात जातं. पण वेगळ्या कार्टनमध्ये शंभर जादा बॅटऱ्या मागवल्या तर त्या ८५०७ ६० ०० मध्ये जातील आणि बिल ऑफ एंट्रीवर वेगळ्या ओळीत दाखवाव्या लागतील. जादा पाती ८२०८ मध्ये, यंत्रांची पाती म्हणून. पुरवठादाराने ‘फुकट’ टाकलेली शंभर पातीही जाहीर करायची आणि त्यांची किंमत लावायची. इन्व्हॉइसवर शून्य लिहिलेला माल तपासणीत निघाला की बाकीच्या सगळ्या कागदांवरचा विश्वास उडतो.

शीर्षाबद्दल खरोखर शंका असेल, उदाहरणार्थ लांब दांड्यावरची, पाठीवरच्या बॅटरीची कात्री, तर मुंबईतल्या सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. शुल्क १०,००० रुपये, निर्णयाची मुदत तीन महिने. मिळालेला निर्णय तुम्हाला आणि तुमच्या प्रकरणापुरता विभागालाही बांधून ठेवतो आणि कायदा न बदलल्यास ठरलेल्या मुदतीपर्यंत चालतो. पण तोच प्रश्न एखाद्या अधिकाऱ्यासमोर आधीच प्रलंबित असेल तर हा अर्ज चालत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या छाटणीसाठी तो मार्चपर्यंत गेलेला बरा.

तिसरी पायरी: किंमत, आणि कस्टम्स ती वाढवतं, म्हणजे ‘लोड’ करतं तेव्हा

इथे जास्त वेळ थांबायला हवं, कारण नाशिकच्या छोट्या आयातदाराचे पैसे सर्वात जास्त इथेच जातात, आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच सहीने जातात.

तत्त्व सरळ आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२ चं कलम १४ आणि २००७ चे मूल्यांकन नियम सांगतात की प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची किंमत हीच मालाची किंमत. त्यात भाडं, विमा, विक्रेत्याच्या बाजूचं कमिशन अशा काही गोष्टी मिळवायच्या. ही किंमत नाकारायची तर अधिकाऱ्याला नियम १२ वापरावा लागतो, आणि त्याला आधी ‘शंकेला वाजवी कारण’ असावं लागतं.

प्रत्यक्षात काय होतं? २०२० पासून आकारणी फेसलेस झाली आहे. न्हावाशेव्यात उतरलेल्या तुमच्या मालाची फाइल दुसऱ्याच शहरातला अधिकारी बघतो. त्याच्यासमोर आयातींचा राष्ट्रीय डेटाबेस असतो. त्यात ‘बॅटरी प्रूनर’ नावाचा माल ५२ डॉलरला आलेला दिसतो आणि तुमचा ३८ ला. तो आइसगेटवर क्वेरी टाकतो: घोषित किंमत कमी दिसते, समर्थनार्थ कागद द्या किंवा किंमतवाढ मान्य करा.

वाक्याचा दुसरा भाग हा सापळा आहे. सीएफएसचं भाडं आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार, रोज चढत असतं. गोडी छाटणी तोंडावर आलेली असते. सीएचए म्हणतो, “लिहून देऊ मान्य आहे, उद्या माल सुटेल.” तो खोटं बोलत नाही, माल सुटतोही. पण कलम १७(५) असं आहे की फेरआकारणी तुम्ही लेखी मान्य केली नसेल, तर अधिकाऱ्याला पंधरा दिवसांत सकारण आदेश काढावा लागतो, ज्याला सगळे स्पीकिंग ऑर्डर म्हणतात. लेखी मान्यता दिलीत की तो आदेशच निघत नाही, आणि पुढे अपिलात ‘तुम्हीच मान्य केलं होतं’ हे पहिलं उत्तर येतं. वाढलेला आकडाही त्याच डेटाबेसमध्ये जाऊन बसतो आणि पुढच्या कन्साइनमेंटला तुमच्याच विरुद्ध वापरला जातो.

वरच्या उदाहरणात ५२ डॉलर धरले तर काय होईल? एफओबी १५,६०० डॉलर, भाडं तेच, विमा १७५.५० डॉलर. आकारणीयोग्य किंमत १४,४१,०४४ रुपये आणि एकूण शुल्क सुमारे ३,९९,७०० रुपये. वाढ झाली साधारण १,०३,७०० ची. त्यातले ७२,८०० आयजीएसटी म्हणून क्रेडिटला मिळतात, बुडतात ते ३०,८०० च्या आसपास. एकाच खेपेसाठी लढायचं का, हे याच शेवटच्या आकड्यावरून ठरवा. वर्षातून चार खेपा आणणार असाल तर लढा. पुन्हा कधी आणणार नसाल तर मान्य करून मोकळं होणंही शहाणपणाचं ठरतं, फक्त ते हिशेब करून करा, घाईने नको.

लढायचं ठरलं तर क्वेरीचं उत्तर असं बांधा. उत्तर इंग्रजीत द्यावं लागतं, आशय मात्र हा असू द्या.

सुरुवातीला शंकेची कारणं लेखी मागा. नियम १२(२) प्रमाणे आयातदाराने मागितल्यावर ती लेखी कळवणं आणि बाजू मांडायची संधी देणं बंधनकारक आहे. ज्या आयातीशी तुलना केली तिचा तपशील मागा: तारीख, प्रमाण, मूळ देश, वर्णन. नुसतं ‘डेटाबेसप्रमाणे’ हे कारण पुरेसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सेंच्युरी मेटल रिसायकलिंगच्या प्रकरणात हेच सांगितलं की शंकेमागे कारण हवं, ते नोंदवलेलं हवं, आणि त्याशिवाय घोषित किंमत फेटाळता येत नाही. त्याआधी २००० मधल्या आयशर ट्रॅक्टर्सच्या निकालात, नियमात सांगितलेली विशेष परिस्थिती नसेल तर प्रत्यक्ष व्यवहाराचीच किंमत धरायची, हे ठरलेलं आहे.

मग तुलना मोडा. ५२ डॉलरची कात्री आणि तुमची कात्री एकच आहे का? मोटर ब्रशलेस की साधी, पातं किती मिलिमीटरची फांदी कापतं, बॅटरी दोन अँपिअर-तासाची की चारची, संचात बॅटरी एक की दोन, स्क्रीन आहे का, ब्रँड नामांकित की बिननावाचा. एका जादा चार अँपिअर-तासाच्या बॅटरीनेही किंमत चांगलीच बदलते. तीनशे नग आणि तीस नग यांचा भाव एक नसतो. तुलना त्याच सुमाराच्या, त्याच व्यापारी पातळीवरच्या आणि साधारण तेवढ्याच प्रमाणातल्या आयातीशी व्हायला हवी, आणि एकसारख्या मालाच्या एकाहून जास्त किमती सापडल्या तर सर्वात कमी धरायची, असं नियम ४ म्हणतो. हे शब्द उत्तरात जसेच्या तसे घाला.

आणि शेवटी कागद. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, भाव ठरतानाचे ईमेल किंवा चॅट, पुरवठादाराची तारखेसह भावयादी, बँकेने पाठवलेल्या पैशांचे स्विफ्ट संदेश, तांत्रिक पत्रक. यांत सर्वात वजनदार कागद बँकेचा. इन्व्हॉइस ११,४०० चं आणि पाठवलेली रक्कमही ११,४०० ची, दोन हप्त्यांत असली तरी बेरीज जुळणारी, तर उत्तर भक्कम आहे. हजार डॉलर एजंटच्या वेगळ्या खात्यावर गेले असतील आणि ते इन्व्हॉइसमध्ये नसतील, तर हा वाद लढू नका, कारण मग तो मूल्यांकनाचा वाद उरत नाही, खोट्या घोषणेचा होतो. इन्व्हॉइस कमी दाखवून उरलेले पैसे दुसऱ्या वाटेने पाठवायचा प्रस्ताव पुरवठादार स्वतःहून देतात. तो नाकारा आणि नकाराचा ईमेल जपून ठेवा.

वर्णनाचा इथे मोठा हात असतो, आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. बिल ऑफ एंट्रीवर नुसतं ‘इलेक्ट्रिक प्रूनर’ लिहिलं की तुमची तुलना सगळ्यात महागड्या प्रूनरशीही होऊ शकते. मॉडेल क्रमांक, व्होल्टेज, बॅटरीची क्षमता आणि संख्या, कापण्याचा व्यास, ब्रँड नसल्यास ‘बिननावाचं’ असं स्पष्ट, हे सगळं वर्णनात लिहा. कस्टम्सच्या ईसंचित या ऑनलाइन व्यवस्थेवर कागद बिल भरतानाच चढवा, क्वेरीची वाट बघू नका. या एका सवयीने बऱ्याच क्वेऱ्या उगवतच नाहीत.

चौथी पायरी: माल सोडवायचा, वाद ठेवायचा

उत्तर देऊनही किंमत वाढवली तर माल तिथेच ठेवून भांडू नका. वाढीव शुल्क भरा, ‘मान्य नाही, निषेधासह भरत आहोत, सकारण आदेश द्यावा’ असं लेखी कळवा आणि माल ट्रकने नाशिकला आणा. आकारणीला खूप वेळ लागणार असेल तर कलम १८ खाली तात्पुरती आकारणी मागता येते. त्यासाठी बंधपत्र आणि बँक हमी लागते, म्हणून छोट्या खेपेला ती परवडतेच असं नाही. दुसरा मार्ग कलम ४९ चा: आकारणी होईपर्यंत माल सार्वजनिक गोदामात हलवायची परवानगी, साधारण तीस दिवसांपर्यंत. सीएफएसच्या चढत्या भाड्यापेक्षा ते स्वस्त पडू शकतं. कस्टम्सने माल अडवून ठेवला असेल, तर त्या काळाचं भाडं सीएफएसने घेऊ नये असा नियम २००९ च्या कार्गो हाताळणी नियमावलीत आहे. त्यासाठी डिटेन्शन सर्टिफिकेट मागून घ्या. शिपिंग लाइन मात्र ते मानेलच असं नाही, आणि इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये आलेला एलसीएल माल असेल तर कंटेनरच्या डिटेन्शनचा प्रश्नच तुमच्यापुरता येत नाही. पहिली खेप म्हणूनच एलसीएलने आणावी.

उशिराचा आणखी एक खर्च स्वतःच्या हातात असतो. जहाज पोहोचण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत बिल ऑफ एंट्री भरलं नाही तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये विलंब आकार लागतो. तीस दिवस आधीपर्यंत आगाऊ बिल भरता येतं. चीनहून न्हावाशेव्याला माल यायला साधारण तीन आठवडे लागतात, तेव्हा जहाज निघालं की कागद सीएचएकडे गेलेले असावेत.

आदेश हाती आला की साठ दिवसांत सीमाशुल्क आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील. सबळ कारण दाखवलं तर आणखी तीस दिवस मिळतात, त्यापुढे एक दिवसही नाही. फेसलेस आकारणी दुसऱ्या शहरात झाली असली तरी अपील माल उतरलेल्या बंदराच्या हद्दीतच होतं, म्हणजे न्हावाशेव्याच्या. वादातल्या शुल्काच्या ७.५ टक्के आधी भरावे लागतात, पण वाढीव शुल्क तुम्ही पूर्ण भरलेलंच असतं, त्यामुळे ती अट आपोआप पुरी होते. आदेश पंधरा दिवसांत आला नाही तर लेखी आठवण द्या, आणि साठ दिवस मोजायला बिल ऑफ एंट्रीची फेरआकारणी झाल्याच्या तारखेपासूनच सुरुवात करा, म्हणजे मुदतीचा वाद निर्माण होत नाही.

‘निषेधासह भरलंय, पुढे कधीतरी परतावा मागू’ या भरवशावर राहू नका. २०१९ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आकारणीच अपिलात बदलून घेतल्याशिवाय परतावा मागता येत नाही. निषेधाचं पत्र अपिलाची जागा घेत नाही.

पुढची खेप भरताना आधीच्या अपिलाची पोच ईसंचितवर जोडा, आणि वर्णनात तोच मॉडेल क्रमांक, तोच व्होल्टेज, तीच बॅटरीची क्षमता शब्दाशः तशीच ठेवा. दोन खेपांत वर्णन बदललं की अधिकाऱ्याला दोन वेगळे माल दिसतात, आणि पहिल्या खेपेसाठी जमवलेले कागद दुसऱ्या खेपेच्या कामाचे राहत नाहीत.